गगनबावड्याआधी नकाशा उतरवून घ्या

कोकणात उतरायचं ठरलं की कोल्हापूरचा माणूस चाकांत हवा मारून घेतो, टाकी भरतो आणि निघताना एकच विचारतो, "नेटपॅक आहे न्हवं?" पॅक असतोच. पण गगनबावड्याच्या आसपास गाडी पोचली की फोनच्या कोपऱ्यातल्या रेंजच्या कांड्या एकेक करून उतरायला लागतात, आणि मग खिशातल्या दीड जीबीचा काही उपयोग राहत नाही. प्रश्न पॅकचा नसून रेंजचा आहे. एवढं ध्यानात घेतलं की नकाशा आधी कशासाठी उतरवायचा, केवढा उतरवायचा आणि तो कुठे कमी पडतो, या सगळ्याकडे बघायची नजर बदलते.

समजायला एकच रस्ता घेऊ, कोल्हापूर ते विजयदुर्ग. रंकाळ्यावरून फुलेवाडी, बालिंगा, कळे, साळवण करत गगनबावडा गाठायचा, करूळ घाट उतरून वैभववाडी, तळेऱ्याला मुंबई-गोवा महामार्ग ओलांडायचा आणि तिथून समुद्राच्या दिशेने विजयदुर्ग. अंतर दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर, चहापाण्यासकट चार तास.

नकाशा डेटा किती खातो?

या चार तासांत गूगल मॅप्स रस्ता दाखवत राहतं, वळणं बोलून सांगतं, पुढे गर्दी आहे का त्याची खबर आणतं. एवढ्या सगळ्याला तासाला साधारण पाच एमबी डेटा लागतो. कधी तीन, कधी सात-आठ. चार तासांचे वीस एमबी धरू. दीड जीबी म्हणजे अंदाजे दीड हजार एमबी, त्यातले वीस गेले तर दीड टक्काही झाला नाही. मागच्या सीटवरच्या पोराने चार मिनिटं व्हिडिओ बघितला की तेवढा डेटा सहज जातो. "मॅप लावला म्हणून नेट संपलं" असं कुणी म्हणालं तर नेट दुसरीकडे गेलंय असं बेलाशक समजावं.

एवढं कमी का लागतं, याला कारण आहे. सुरुवातीच्या काळात फोनला नकाशाचे तयार चित्रतुकडे पाठवले जायचे. नकाशा थोडा मोठा केला की नवे तुकडे, थोडा सरकवला की आणखी तुकडे. डिसेंबर २०१० मध्ये अँड्रॉइडवर गूगल मॅप्सची पाचवी आवृत्ती आली आणि ही पद्धत बदलली. आता फोनकडे येते ती फक्त माहिती: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रस्ता आहे, तो राज्यमार्ग आहे की गावरस्ता, त्याचं नाव काय. रेषा आखून त्या रंगवायचं काम फोन स्वतः करतो. मजकूर चित्रापेक्षा कितीतरी हलका असतो, म्हणून हा सगळा व्यवहार किरकोळीत भागतो.

अपवाद उपग्रह दृश्याचा. नकाशावर खरी झाडं, खरी छपरं दिसतात तो Satellite हा थर चालू असेल तर फोन पुन्हा चित्रंच आणायला लागतो आणि डेटा कित्येक पटींनी वाढतो. घरी बसून किल्ल्याची तटबंदी बघायला हे दृश्य छान आहे, गाडी चालवताना त्याचं काही काम नाही. दुसरी एक चोरवाट म्हणजे वाटेतल्या हॉटेलांचे फोटो आणि अभिप्राय चाळणं. तोही डेटा मॅप्सच्याच नावावर लागतो आणि बिचाऱ्या नकाशाची बदनामी होते.

माझ्या आकड्यावर विसंबू नका. फोनच्या सेटिंगमध्ये Data usage असा भाग असतो, त्यात कुठल्या अ‍ॅपने किती डेटा घेतला ते लिहिलेलं असतं. निघताना Maps समोरचा आकडा कागदावर उतरवा, पोचल्यावर पुन्हा बघा आणि वजाबाकी करा.

आता नकाशा आधी उतरवून घेण्याचा हिशेब बघा. कोल्हापूर आणि तळकोकण मावेल एवढा भाग डाउनलोड करायचा तर काही शे एमबी लागतात. प्रवासाला लागणार होते वीस एमबी. म्हणजे डेटा वाचावा म्हणून नकाशा उतरवणं हा उलटाच धंदा झाला. त्याच रस्त्याने महिन्यातून चारदा जाणाऱ्याची गोष्ट निराळी, एरवी नकाशा उतरवायचा तो घाटासाठी.

रेंज गेली तरी निळा ठिपका का चालतो?

पुष्कळांची समजूत असते की नेट गेलं म्हणजे जीपीएस गेलं. तसं नाही. फोनमधलं जीपीएस म्हणजे निव्वळ ऐकणारा कान आहे. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपली जागा आणि वेळ सतत ओरडून सांगत असतात. फोन त्यातल्या चार-पाचांचं ऐकतो आणि आपण कुठे आहोत ते ठरवतो. त्याला ना सिमकार्ड लागतं ना टॉवर.

नेटची मदत फक्त सुरुवातीला होते. कुठला उपग्रह नेमका कुठे आहे याचा तपशील उपग्रह स्वतःही पाठवतो, पण सेकंदाला अवघे पन्नास बिट इतक्या संथपणे. एका उपग्रहाचा तपशील नीट ऐकायला अर्धा मिनिट जातो, आणि मध्येच डोंगर आडवा आला तर पुन्हा पहिल्यापासून. नेट असलं की हाच तपशील क्षणात मिळतो. यातून एक साधी गोष्ट निघते: मॅप घरातूनच चालू करून निघा. घाटात फोन बंद करून परत चालू केलात आणि ठिपका सापडेना, तर आकाश मोकळं असेल अशा जागी गाडी बाजूला घेऊन दोन-तीन मिनिटं थांबा. करूळ घाटात एका अंगाला सरळ कडा असतो, त्यामुळे अर्धं आकाश झाकलेलं असतं. तिथे ठिपका कधीकधी खालच्या वळणावर उडी मारतो आणि मॅपमधली बाई "यू टर्न घ्या" म्हणून सांगायला लागते. ठिपक्याभोवतीचं फिकट निळं वर्तुळ मोठं झालेलं दिसलं की समजायचं, फोनलाच खात्री नाही. अशा वेळी बाईचं ऐकू नये, रस्त्याकडे बघावं.

आणखी एक गोष्ट माणसाला गाफील ठेवते. नेट असताना Start दाबलं की संपूर्ण मार्ग आणि त्याच्या आजूबाजूचा नकाशा फोन आधीच घेऊन ठेवतो. त्यामुळे रेंज गेली तरी निळी रेघ तशीच दिसते, वळणंही बोलली जातात. "काही उतरवून घेतलं नव्हतं, तरी चाललं की," असं सांगणारे लोक म्हणूनच भेटतात. त्यांचं खरंच असतं, फक्त ते आखलेल्या रस्त्यावरून हललेले नसतात. एक वळण चुकलं, रस्ता बंद निघाला, किंवा चहाला थांबल्यावर अ‍ॅप बंद केलं, तर नवा मार्ग काढायला नेट लागतं. आणि गगनबावड्याला नेमका हाच पेच असतो, कारण तिथून कोकणात दोन घाट उतरतात. एक करूळचा, वैभववाडीकडे जाणारा, आणि दुसरा भुईबावड्याचा. पुढे बॅरिकेड दिसलं आणि दुसरा घाट धरायची पाळी आली, तर निळ्या रेघेची शिदोरी तिथेच संपते.

चौकट कुठून कुठे ओढायची?

गूगल मॅप्स उघडा आणि वर उजव्या कोपऱ्यातल्या तुमच्या फोटोवर किंवा नावाच्या अक्षरावर बोट ठेवा. यादीत Offline maps दिसेल, फोन मराठीत असेल तर ऑफलाइन नकाशे. त्यात Select your own map दाबलं की नकाशावर एक चौकट येते. दोन बोटांनी नकाशा लहान-मोठा करून आणि सरकवून हवा तो भाग चौकटीत बसवायचा. किती जागा लागेल तो आकडा खाली दिसतो, आणि चौकटीत येणारा भाग बदलला की आकडाही बदलतो. मग Download.

खरी अक्कल चौकट ओढण्यात आहे. पुष्कळ लोक नुसतं गाव टाकून गावापुरता नकाशा घेतात. विजयदुर्गचा नकाशा फोनमध्ये असतो आणि माणूस अडकतो गगनबावड्यात. मार्ग काढायचा तर निघण्याची जागा, पोचण्याची जागा आणि मधला सगळा मुलूख नकाशात हवा. काहीजण एवढं करतात, पण मग रस्त्यालगत अरुंद पट्टा घेतात. तो पट्टा तो एकच रस्ता चालू असेपर्यंत पुरतो.

आपल्याला चौकट हवी ती पर्यायी घाटांसकट. सह्याद्रीची ही बाजू डोळ्यांसमोर आणा. कोल्हापूरकडून कोकणात उतरायला उत्तरेला मलकापूरवरून आंबा घाट आहे, त्याच्या खाली अणुस्कुरा. मध्ये करूळ आणि भुईबावडा. दक्षिणेला राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट आणि आणखी खाली आजऱ्याच्या बाजूने आंबोली. म्हणून चौकटीचा डावा वरचा कोपरा रत्नागिरीच्या पलीकडे समुद्रात ठेवा, उजवा खालचा कोपरा बेळगावच्या जवळ. सावंतवाडी आत येऊ द्या. म्हणजे कुठलाही घाट बंद झाला तरी दुसऱ्याचा रस्ता फोनमध्ये असेल.

चौकटीचा आकडा फार वाटला तर तो कशाने वाढतो ते बघा. नकाशाचं वजन जमिनीच्या क्षेत्रफळावर ठरत नाही, तिथे रस्ते, दुकानं आणि नावं किती दाटीने आहेत यावर ठरतं. समुद्र जवळपास फुकट आहे. अर्धी चौकट अरबी समुद्रात गेली तरी आकडा फारसा हलणार नाही. उलट चौकट जरा वर सरकवून पुणं आत घेतलंत तर तो एकदम फुगेल. पश्चिमेला हात सैल सोडा, उत्तरेला आखडता घ्या.

डाउनलोड झाल्यावर त्या नकाशाला नाव द्या, नाहीतर यादीत चार नकाशे एकसारखे दिसतात. Rename दाबून "कोल्हापूर ते तळकोकण" असं काहीतरी लिहा. आणि एक लक्षात ठेवा: या नकाशांना मुदत असते. वाय-फाय मिळालं तर ते आपणहून नवे होतात, पण ज्याच्या घरी वाय-फाय नाही त्याने निघायच्या आठवड्यात ती यादी उघडून बघावी आणि मुदत संपत आली असेल तर Update दाबावं. गेल्या दिवाळीत उतरवलेला नकाशा आहे म्हणून निर्धास्त राहू नये. फोन रिकामा करायच्या भरात सेटिंगमध्ये जाऊन मॅप्सचा सगळा डेटा पुसला तर उतरवलेले नकाशेही त्यातच जातात, हेही ध्यानात असू द्या.

वाय-फाय नसेल तर काय? रोजच्या मर्यादेचा पॅक असणाऱ्यांसाठी सोपा उपाय आहे. दिवसाचा उरलेला डेटा रात्री बारा वाजता वाया जातोच. आदल्या रात्री साडेदहा-अकराला किती उरला ते बघा आणि त्यात नकाशा उतरवून घ्या. त्यासाठी Offline maps च्या सेटिंगमध्ये डाउनलोड फक्त वाय-फायवर करायचं बंधन काढावं लागतं. काम झालं की ते परत लावून ठेवा.

नाव टाकण्याआधी

उतरवलेल्या नकाशात शोध चालतो, पण तो चौकटीच्या आतच आणि बराच आखूड. हॉटेलचे फोटो, अभिप्राय यांची अपेक्षा धरू नये. देवनागरीत लिहून गाव सापडलं नाही तर इंग्रजी स्पेलिंगने बघावं, तेही एकाहून जास्त तऱ्हेने.

नावांचा खरा घोळ वेगळाच आहे. फोंडा घाट उतरून यायचं म्हणून कुणी Ponda टाकलं तर फोन गोव्यातलं फोंडा दाखवतो. आपल्याला हवं असतं कणकवली तालुक्यातलं फोंडाघाट. आंब्याकडे जाताना मलकापूर लागतं ते शाहूवाडी तालुक्यातलं, पण एक मलकापूर कराडला खेटून आहे आणि एक पार बुलढाणा जिल्ह्यात. नेट असताना हे सगळे पर्याय जिल्ह्याच्या नावासह समोर येतात आणि माणूस चटकन निवडतो. घाटात ही सोय धरून चालू नये. घरीच नीट निवडून ते ठिकाण Save करून ठेवणं सगळ्यात बरं.

कोकणातल्या वाडीत कुणाच्या घरी उतरायचं असेल तर हे दुप्पट खरं. गावाचं नाव पुरत नाही, कारण गाव चार वाड्यांत आणि दोन डोंगरांवर पसरलेलं असतं. यजमानांना सांगा, घराच्या अंगणात उभं राहून व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन पाठवा. ते आलं की तसंच चॅटमध्ये पडू देऊ नका, कारण आयत्या वेळी रेंज नसली तर ते उघडेलच असं नाही. घरीच ते मॅप्समध्ये उघडा, Save दाबा आणि शिवाय अक्षांश-रेखांशाचे आकडे वहीत लिहून घ्या. विजयदुर्ग किल्ला म्हणजे १६.५६ आणि ७३.३३, इतकंच ते असतं. किल्ल्यासारख्या मोठ्या जागेला दशांशानंतरचे दोन आकडे पुरतात, घराला चार हवेत. दोन आकड्यांत एक किलोमीटरचा फरक पडू शकतो, चार आकड्यांत तो दहा मीटरवर येतो.

एवढं झालं की परीक्षा घ्या. घरीच मोबाइल डेटा आणि वाय-फाय दोन्ही बंद करा, मॅप्स पूर्ण बंद करून परत उघडा आणि कोल्हापूर ते विजयदुर्ग मार्ग मागा. मार्ग आला तर नकाशा पुरेसा आहे. मग गगनबावडा ते फोंडाघाट असा आडवा मार्ग मागून बघा. तोही आला तर चौकट बरोबर पडली. काहीच आलं नाही तर वाट लागली ती घरात लागली, घाटात नाही.

अर्धवट रेंजचा त्रास

पूर्ण रेंज जाणं एकवेळ परवडतं. एक कांडी दिसते, E असं अक्षर दिसतं, पण पलीकडून काही येत नाही, ही अवस्था वाईट. फोनला वाटतं नेट आहे, म्हणून तो उतरवलेला नकाशा बाजूला ठेवून ऑनलाइन मार्ग मागत बसतो आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरतं. साळवणच्या पुढे किंवा दाजीपूरच्या जंगलात असं झालं तर वाट बघत बसू नका, मोबाइल डेटा सरळ बंद करा. फोन नाइलाजाने स्वतःकडचा नकाशा उघडतो आणि काम होतं. फोन येण्याची अपेक्षा नसेल तर विमान मोड लावला तरी चालतो, जीपीएस त्यातही सुरू राहतं. शिवाय रेंज नसलेल्या भागात टॉवर शोधण्यात फोनची बॅटरी भराभर उतरते, ती वाचते.

नेटशिवाय मार्ग निघतो तो चारचाकीसाठी. त्यात गर्दी धरलेली नसते, त्यामुळे पोचायची वेळ नेहमी थोडी गोडच दाखवली जाते. दुसरे मार्ग निवडायची सोयही नसते, फोन त्याला बरा वाटेल तो एकच रस्ता देतो. समजा तुम्हाला फोंड्यानेच जायचंय आणि फोन मात्र करूळचाच हट्ट धरून बसलाय. मग मुक्कामाचं ठिकाण विजयदुर्ग न टाकता आधी राधानगरी टाका. तिथे पोचलात की दाजीपूर, मग फोंडाघाट, मग विजयदुर्ग. प्रवासाचे तुकडे केले की फोन मुकाट्याने तुमच्या रस्त्याने चालतो.

उतरवलेल्या नकाशाला जे कधीच कळत नाही

करूळ घाट रुंदीकरण आणि काँक्रिटीकरणासाठी जानेवारी २०२४ पासून बंद झाला आणि वर्षाहून जास्त काळ बंद राहिला. त्या काळात ज्याच्या फोनमध्ये आधीचा नकाशा होता त्याला करूळ छान निळा दिसत होता. उतरवलेला नकाशा म्हणजे ज्या दिवशी घेतला त्या दिवसाचा फोटो. कोल्हापूर ते गगनबावडा ५५ किलोमीटर आहे. तिथवर जाऊन घाट बंद असल्याचं कळलं आणि फोंड्याने जायचं ठरलं तर बहुतेकांना परत कोल्हापूरच्या बाजूलाच यावं लागतं. म्हणजे शंभरावर किलोमीटर आणि सकाळ दोन्ही गेली.

पावसाळ्यात तर घाटापर्यंत पोचायचीच खात्री नसते. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका, हे आकडे जिल्ह्यात पोरासोरांना पाठ आहेत. पाणी चढलं की गगनबावडा रस्ता मांडुकली, लोंघे, किरवे या पट्ट्यात पाण्याखाली जातो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुणे-बंगळूर महामार्गसुद्धा शिरोलीजवळ बंद पडला होता, तिथे घाटरस्त्याची काय कथा. अशा दिवसांत निघण्याआधी १०७७ वर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला फोन करून कुठला रस्ता चालू आहे ते विचारावं. दुसरा खात्रीचा जाणकार म्हणजे एस.टी.चा चालक. पहाटेची गाडी वरून आलेली असते, त्यामुळे स्टँडवर "करूळनं आलासा का भुईबावड्यानं?" एवढं विचारलं की त्या सकाळची स्थिती कळते. तेवढं ताजं उत्तर कुठलंही अ‍ॅप देत नाही.

आणि भुईबावडा चालू आहे म्हणून कळलं तरी तो अरुंद आहे, त्याला पावसात दरडींची सवय आहे. नकाशात दोन्ही घाट एकाच जाडीच्या रेघेने दिसले म्हणून ते सारखे नसतात.

पायी जाणाऱ्यांसाठी

पन्हाळा ते पावनखिंड या वाटेने जुलैत शेकडो लोक चालतात. त्यांना गूगलचा उतरवलेला नकाशा जवळपास निरुपयोगी आहे, कारण नेट नसताना तो पायी मार्ग काढत नाही आणि मसाई पठारावरच्या पायवाटा त्याच्या लेखी फारशा नसतातच. तिथे ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑस्मअँड घ्यावं. ही दोन्ही अ‍ॅप ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून काढलेल्या नकाशावर चालतात, मुळातच नेटशिवाय चालायला बनवलेली आहेत आणि पायी मार्गही नेटशिवाय काढतात. त्यांत चौकट ओढावी लागत नाही. महाराष्ट्राचा नकाशा राज्याच्या नावाने मिळतो.

पण राज्यवार वाटणीत कोल्हापूरकराची एक गोची होते. आंबोलीला जाताना आपण कागल सोडून निपाणी-संकेश्वरवरून वळलो की कर्नाटकात शिरतो आणि पुन्हा महाराष्ट्रात येतो. फोनमध्ये नुसता महाराष्ट्र असेल तर अ‍ॅपला तो मधला तुकडा दिसतच नाही. मग ते कर्नाटकाचा नकाशा मागतं किंवा लांबचा वळसा दाखवतं. आंबोलीला जाणाऱ्याने महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही घ्यावेत, पुढे पणजीपर्यंत उतरायचं असेल तर गोवाही.

पावनखिंडीसाठी नकाशाच्या जोडीला वाटेची रेघ हवी. आधी त्या वाटेने गेलेल्या कुणाकडून त्यांची GPX फाइल मागून घ्या. ती व्हॉट्सअ‍ॅपवरून येते, ऑरगॅनिक मॅप्समध्ये उघडली की पूर्ण वाट नकाशावर उमटते. पठारावर धुकं दाटलं आणि पुढचा माणूस दिसेना, तर ठिपका रेघेवर आहे की रेघेपासून सरकतोय एवढंच बघत चालायचं. धुकं आणि पाऊस यांनी जीपीएसचं काही बिघडत नाही, बिघडतं ते ओल्या पडद्याचं. बोटाचा स्पर्श लागेनासा होतो, नाहीतर थेंबच बटणं दाबत सुटतात. फोन पारदर्शक पिशवीत ठेवा, पडदा एरवी बंद ठेवा आणि वाटेला फाटा फुटला की तेवढाच चालू करा. विमान मोड लावून असा वापरलेला फोन बॅटरीच्या बाबतीत बराच लांब पल्ला गाठतो, तरी गटात किमान दोघांच्या फोनमध्ये तीच फाइल आणि तोच नकाशा असावा. आणि दोघांपैकी एकाने आपला फोन पिशवीतून काढायचाच नाही, असं निघतानाच ठरवून टाकावं.